दुकान स्वतःचं की बाजारातला गाळा?

दिवाळीत सोसायटीतल्या पंधरा घरांना नाचणीच्या कुकीज गेल्या, त्या सगळ्यांना आवडल्या, आणि जानेवारी आला तरी फोन थांबले नाहीत. घरी बेकिंग करणाऱ्या अनेकींच्या व्यवसायाची सुरुवात अशीच होते. मग सल्ले सुरू होतात. भाचा म्हणतो, "मावशी, वेबसाइट काढ, दोन दिवसांत बनवून देतो." शेजारीण म्हणते, "कशाला त्या भानगडीत पडतेस? ॲमेझॉनवर टाक, लोक तिथंच शोधतात." दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात. आणि दोघांनीही कुकीजच्या एका पाकिटाचा हिशेब मांडलेला नसतो.

स्वतःची वेबसाइट म्हणजे स्वतःचं दुकान. नाव आपलं, मांडणी आपली, गिऱ्हाइकाचा फोन नंबर आपल्याकडे. शॉपिफाय, वूकॉमर्स यांसारख्या तयार साधनांमुळे ते उघडायला आता प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. मार्केटप्लेस म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारखा मोठा ऑनलाइन बाजार. तिथे आपला माल हजारो विक्रेत्यांच्या मालाशेजारी दिसतो, पैसे बाजार गोळा करतो आणि आपलं शुल्क कापून उरलेली रक्कम काही दिवसांनी विक्रेत्याच्या खात्यात टाकतो.

दुसऱ्याच्या दुकानातून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिली चार पाकिटं विकली गेली ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे. पुढे त्याच उद्योगाचं लिज्जत पापड झालं. दुसरीकडे, पुण्याच्या चितळे बंधूंसारखं दुकानांत पक्कं बसलेलं नाव आज स्वतःच्या वेबसाइटवरूनही विकतं आणि मार्केटप्लेसवरही असतं. नाव मोठं झाल्यावर दोन्ही दारं उघडी ठेवता येतात. प्रश्न असतो तो पहिल्या वर्षाचा, कारण तेव्हा पैसा, वेळ आणि हात तिन्ही मोजके असतात.

खरा खर्च खोक्याचा

मार्केटप्लेसबद्दल बोलताना लोक आधी कमिशन विचारतात. खाऊसारख्या स्वस्त वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न आता मागे पडला आहे. ॲमेझॉनने २०२५च्या एप्रिलमध्ये ३०० रुपयांखालच्या अनेक प्रकारच्या वस्तूंवरचं कमिशन काढून टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने १००० रुपयांखालच्या वस्तूंसाठी शून्य कमिशनची घोषणा केली. पण कमिशन शून्य झालं म्हणजे खर्च शून्य झाला असं नाही. प्रत्येक ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क राहतं, पार्सल पोचवण्याचा खर्च राहतो आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो.

यातला सर्वांत मोठा आकडा पार्सलचा असतो. तो कुकीजच्या वजनावर ठरतो असं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. कुरिअर कंपन्या दोन वजनं पाहतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. जे उत्तर येईल ते किलोमधलं आकारमानाचं वजन. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे लागतात, आणि दर साधारणपणे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढतो.

कुकीजचं पाकीट २५० ग्रॅमचं आहे. त्या फुटू नयेत म्हणून बेकरने २० × १५ × १० सेंटिमीटरचं ऐसपैस खोकं निवडलं. गुणाकार ३०००, भागिले ५०००, म्हणजे ६०० ग्रॅम. पाव किलो कुकीज एक किलोच्या दराने जातील. त्याच खोक्याची उंची दहाऐवजी आठ सेंटिमीटर केली तर गुणाकार २४०० होतो आणि आकारमानाचं वजन ४८० ग्रॅम. पार्सल अर्ध्या किलोच्या टप्प्यात बसलं. दोन सेंटिमीटर पुठ्ठा कमी झाल्याने प्रत्येक ऑर्डरमागे जी बचत होते, ती पुष्कळदा पाकिटावरच्या नफ्यापेक्षा जास्त असते. म्हणून घाऊक खोकी मागवण्याआधी मोजपट्टी हातात घ्यायला हवी.

एका पाकिटाचा हिशेब

डोंबिवलीतल्या एका बेकरचं उदाहरण कल्पून हिशेब मांडू. तिला २५० ग्रॅम नाचणी कुकीजच्या पाकिटाला साहित्य, गॅस आणि वीज मिळून ८० रुपये लागतात. पाकीट आणि लेबल १५ रुपये, तिची स्वतःची मजुरी ३० रुपये आणि बाहेरचं खोकं व टेप १२ रुपये. एकूण १३७. विक्रीची किंमत २४० रुपये. वरवर पाहता शंभराहून जास्त रुपये सुटतात. (पुढची शुल्कं हिशेबासाठी धरलेली आहेत. प्रत्येक मार्केटप्लेस आपले चालू दर आणि शुल्क मोजायचं साधन विक्रेत्याला देतं. त्यात स्वतःच्या खोक्याची मापं घालून हाच हिशेब नव्याने करायचा.)

मार्केटप्लेसवर एक पाकीट विकलं. कमिशन शून्य, ठरावीक शुल्क २० रुपये, राज्यातल्या राज्यात पार्सल ५५ रुपये, त्यावर जीएसटी साडेतेरा. साधारण ८८ रुपये कापले गेले. हातात आले १५२ रुपये, त्यातून १३७ वजा केले तर उरले फक्त पंधरा. वर दिसावं म्हणून मार्केटप्लेसवरच जाहिरात दिली आणि एका ऑर्डरमागे वीस रुपये गेले, तर हे पंधराही गेले आणि बेकरच्या मजुरीतून पाच रुपये कमी झाले.

आता तीच बेकर तीन पाकिटांचा संच विकते. नाचणी, ओट्स आणि खजूर असे तीन प्रकार, किंमत ६९० रुपये. तीन पाकिटांचा खर्च ३७५ आणि मोठ्या खोक्याचे २० मिळून ३९५. या संचावर सहा टक्के कमिशन लागतं असं धरू, म्हणजे ४१ रुपये. ठरावीक शुल्क ३०, एक किलोचं पार्सल ८५, आणि या सगळ्यावर २८ रुपये जीएसटी. एकूण १८४ रुपये कापले गेले. तरीही उरले १११ रुपये. तीन सुटी पाकिटं तीन वेगळ्या पार्सलांतून पाठवून पंचेचाळीस रुपये सुटले असते. एका खोक्यात घातल्याने जवळजवळ अडीचपट सुटले, तेही कमिशन भरून.

वेबसाइटवर हाच संच विकला तर कमिशन आणि ठरावीक शुल्क नाही. कुरिअर मात्र स्वतः ठरवावं लागतं. लहान विक्रेत्याला तिथे मोठ्या मार्केटप्लेसइतका स्वस्त दर सहसा मिळत नाही, म्हणून कर धरून ९५ रुपये मानू. पैसे स्वीकारणारी गेटवे कंपनी साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते, म्हणजे १६ रुपये. संचाचे ३९५ वजा करून १८४ रुपये उरले. आकडा मोठा दिसतो. पण यात दोन खर्च अजून धरलेलेच नाहीत.

पहिला खर्च वेबसाइटचा. साधनाचं भाडं, नावाची नोंदणी आणि किरकोळ देखभाल मिळून महिन्याला १५०० रुपये धरले, तर तीस ऑर्डर येणाऱ्या महिन्यात प्रत्येक ऑर्डरवर पन्नास रुपये बसतात. दीडशे ऑर्डर आल्या तर तोच भार दहा रुपयांवर येतो. दुसरा खर्च गिऱ्हाईक आणण्याचा. नव्या वेबसाइटवर आपोआप कुणी येत नाही. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जाहिरात द्यावी लागते. महिन्याला ३००० रुपये खर्चून तीस नवी गिऱ्हाइकं आली असं धरलं तर एका गिऱ्हाइकामागे शंभर रुपये. सुरुवातीच्या महिन्यात म्हणून एका संचावर १८४ मधून दीडशे जाऊन चौतीस रुपयेच उरतात. मार्केटप्लेसवरच्या १११ च्या हा आकडा जवळही नाही. सुटं पाकीट विकलं तर याच महिन्यात प्रत्येक ऑर्डरवर शंभरावर रुपयांचा तोटा होतो.

पण इथेच दोन वाटा वेगळ्या होतात. मार्केटप्लेसवरचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं, पाचव्यांदा आलं, तरी शुल्क तेवढंच कापलं जातं. वेबसाइटवर दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला आणायला जाहिरात लागत नाही, एक मेसेज पुरतो. महिन्याला दीडशे ऑर्डर असतील आणि त्यातल्या निम्म्या जुन्या गिऱ्हाइकांच्या असतील, तर जाहिरातीचा खर्च सरासरी पन्नासवर येतो, भाडं दहावर येतं आणि एका संचावर सुमारे १२४ रुपये सुटतात. वेबसाइट पुढे गेली.

हाच हिशेब उलटा केला की सीमारेषा मिळते. महिन्याला साठ ऑर्डर असतील तर निम्म्याहून थोडी जास्त गिऱ्हाइकं परतणारी हवीत. तीसच ऑर्डर असतील तर चारांतली तीन परतायला हवीत, आणि नव्या व्यवसायात ते फार अवघड असतं. कोणत्याही बेकरच्या हिशेबात आकडे बदलतील, पण तराजू कशाने झुकतो ते बदलणार नाही. तो झुकतो महिन्याच्या ऑर्डरींनी आणि परत येणाऱ्या गिऱ्हाइकांनी.

सावंतवाडीहून नागपूर जवळ, पणजी लांब

दोन वाटांतली निवड नकळत ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे जीएसटी. वर्षाची उलाढाल ४० लाखांखाली असेल तर महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याला अपवाद आहेत, आणि घरगुती बेकरला नेमके तेच लागू होतात.

मार्केटप्लेसवरून विकणाऱ्याला पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३पासून त्यात सवलत आली. उलाढाल मर्यादेखाली असेल आणि विक्री फक्त आपल्याच राज्यात होत असेल, तर नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर विकता येतं. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कायद्याने परवानगी दिली असली तरी प्रत्येक मार्केटप्लेस प्रत्येक प्रकारच्या मालासाठी असा विक्रेता स्वीकारतेच असं नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

वेबसाइट काढली की ही कटकट संपली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. स्वतःच्या वेबसाइटवरून राज्यातल्या राज्यात विकताना मर्यादेखालच्या विक्रेत्याला नोंदणी लागत नाही हे खरं. पण तयार खाऊचं एक पार्सल जरी राज्याच्या सीमेपलीकडे विकलं, तरी उलाढाल न पाहता नोंदणी आवश्यक होते. सावंतवाडीच्या बेकरने कुकीज महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला नागपूरला पाठवल्या तर नोंदणी नको. तासा-दोन तासांवरच्या पणजीला विकल्या तर नोंदणी हवी. कोल्हापूरहून बेळगावला पाठवायच्या तरी तेच.

म्हणूनच वेबसाइट काढताना पिनकोडची मर्यादा घालणं हे पहिल्या दिवसाचं काम आहे. बहुतेक साधनांमध्ये कोणत्या राज्यात पार्सल जाईल ते ठरवता येतं. ती खूण न करता दुकान उघडलं आणि बेंगळुरूची ऑर्डर आली, तर एक तर गिऱ्हाइकाला नाही म्हणावं लागतं किंवा नियम मोडला जातो.

नोंदणी घेतली म्हणजे नुकसानच होतं असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटं, कुकीज आणि केकवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, नमकीनवरचा १२ वरून ५ वर. ६९० रुपयांच्या संचात हा कर सुमारे ३३ रुपये होतो. पण नोंदणी असेल तर मार्केटप्लेसने शुल्कावर घेतलेले २८ रुपये त्यातून वजा करता येतात, शिवाय खोकी आणि कच्च्या मालावर भरलेला करही. एका संचामागचं नुकसान त्यामुळे फारसं राहत नाही. खरा भार विवरणपत्रं वेळेवर भरण्याचा आणि त्यासाठी सीएला द्यायच्या फीचा असतो. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावंच लागतं. मार्केटप्लेस नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून अर्धा टक्का करही कापून ठेवते. तो नंतर खात्यात जमा दिसतो, पण तोवर पैसा अडकतो.

पाकिटावरची तारीख

घरी तयार होणाऱ्या खाऊच्या व्यवसायाला एफएसएसएआयची नोंदणी दोन्ही वाटांवर लागते. लहान व्यवसायाची मूलभूत नोंदणी फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर होते, शुल्क वर्षाला शंभर रुपये इतकं कमी ठेवलेलं आहे, आणि मिळणारा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. पाकिटावर साहित्याची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची आणि वापरण्याची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर हवा. गहू, दूध, सुकामेवा यांसारखे ॲलर्जीचे घटक असतील तर ते वेगळे सांगायचे. कुकीजमध्ये अंडं असेल तर हिरवं वर्तुळ चालत नाही, मांसाहाराची तपकिरी त्रिकोणाची खूण छापावी लागते. गूळ घातलेल्या कुकीजवर "शुगर फ्री" लिहिता येत नाही, कारण गूळ ही साखरच आहे.

मार्केटप्लेस हे सारं माल यादीत घेतानाच तपासते आणि लेबलचे फोटो मागते. वेबसाइटवर तपासणारं कुणी नसतं, म्हणून चूक होते ती बहुधा तिथेच. नियम मात्र सारखेच आहेत. शिवाय २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते वेबसाइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे.

सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे टिकण्याची मुदत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याच्या मुदतीतले किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. तीस दिवस टिकणाऱ्या कुकीजला पंचेचाळीस दिवसांची अट पाळताच येणार नाही, आणि ३० टक्क्यांच्या हिशेबाने तयार झाल्यापासून एकवीस दिवसांत पार्सल दारात हवं. असा माल मार्केटप्लेसच्या गोदामात पाठवून विक्रीची वाट पाहणं परवडत नाही. तो घरीच ठेवून, ऑर्डर आल्यावर कुरिअरवाल्याला घरून उचलायला लावण्याची पद्धत निवडावी. ॲमेझॉनची इझी शिप ही त्यातलीच एक.

मुदत अंदाजाने छापू नये. पदार्थ ज्या पाकिटात विकायचा त्याच पाकिटात, घरातल्या साध्या कपाटात एक घाणा ठेवावा आणि दर आठवड्याला एक पाकीट फोडावं. कुरकुरीतपणा गेला, तर पाकिटातून दमट हवा आत येते आहे. पारदर्शक प्लॅस्टिकऐवजी आतून चंदेरी थर असलेलं, नीट सील होणारं पाकीट वापरावं. वास खवट आला, तर दोष तेल-तुपात किंवा पिठात आहे. बाजरीचं पीठ दळल्यावर लवकर खवट होतं, म्हणून बाजरीच्या पदार्थाला नाचणीची मुदत लावून चालत नाही. घरच्या पाहणीत जेवढे दिवस टिकलं त्याहून कमी मुदत धरावी, आणि विक्री वाढण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं. पावसाळ्यात हीच पाहणी पुन्हा करावी लागते. कोकणातल्या जुलैची हवा आणि विदर्भातल्या मार्चची हवा वेगळी असते.

जे हिशेबात दिसत नाही

वेबसाइटवर विकणाऱ्यांना सर्वांत मोठा फटका बसतो तो पार्सल परत येण्याचा. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात, म्हणजे माल पाठवणाऱ्याकडेच परत. पैसे पार्सल मिळाल्यावर द्यायची सोय ठेवली की काही लोक ऑर्डर देतात आणि दारात आलेलं पार्सल घेत नाहीत. कपडे परत आले तर पुन्हा विकता येतात. आठवडाभर गाडीतून हिंडलेल्या, निम्म्या फुटलेल्या कुकीज पुन्हा विकता येत नाहीत. वरच्या हिशेबातला एक संच परत आला तर जाण्या-येण्याचे १९० आणि मालाचे ३९५ मिळून ५८५ रुपये जातात. चांगल्या महिन्यातल्या जवळजवळ पाच ऑर्डरींची कमाई त्यात संपते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत स्वतःच्या वेबसाइटवर आधी पैसे घेऊनच माल पाठवावा. ऑर्डरी कमी येतील, पण ज्या येतील त्या खऱ्या असतील.

मार्केटप्लेसवरचा तोटा वेगळ्या प्रकारचा आहे. तिथे गिऱ्हाईक बाजाराचं असतं. त्याचा फोन नंबर विक्रेत्याला वापरायला मिळत नाही, आणि पुढच्या वेळी माझ्या वेबसाइटवर या अशी चिठ्ठी पार्सलमध्ये घालणं ॲमेझॉनसह बहुतेक मार्केटप्लेसच्या अटींत बसत नाही. असं करताना सापडलेल्या विक्रेत्याचं खातं बंद होऊ शकतं. त्यामुळे कोण परत येतं हे मार्केटप्लेसवर नीट कळत नाही, आणि आपला पुढचा निर्णय तर त्याच आकड्यावर अवलंबून आहे.

या अडचणीवर एक साधा उपाय आहे, आणि तो वेबसाइटपेक्षा स्वस्त आहे. व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि यूपीआयचा क्यूआर कोड. कॅटलॉगमध्ये फोटो, वजन, किंमत आणि साहित्य टाकता येतं, पैसे थेट खात्यात येतात, भाडं नाही. ओळखीतल्या, सोसायटीतल्या, गावातल्या गिऱ्हाइकांसाठी ते पुरतं. आणि वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे "नवीन" किंवा "पुन्हा" एवढंच लिहीत गेलं, तर तीन महिन्यांत परतणाऱ्यांचं प्रमाण कळतं. घरातून थेट आणि हाताने पोचवलेल्या या ऑर्डरींत पार्सलचा खर्चही नसतो, त्यामुळे नफा इथेच सर्वाधिक सुटतो.

दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांचा मोह पहिल्या वर्षी टाळलेला बरा. त्यांना अनेक गोदामांत एकाच वेळी, सतत आणि मोठ्या संख्येने माल हवा असतो. घरच्या एका ओव्हनला ते झेपत नाही.

मग आधी काय करावं?

वरच्या हिशेबातून क्रम आपोआप लागतो. एफएसएसएआय नोंदणी, नियमाप्रमाणे लेबल आणि पाहून ठरवलेली मुदत ही सुरुवात. त्यासोबतच नावाचा विचार व्हावा. व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गाला साडेचार हजार रुपयांत होतो, आणि बिस्किटं-कुकीज तिसाव्या वर्गात मोडतात. मार्केटप्लेसवर आपल्या ब्रँडचं संरक्षण मागताना हा अर्ज उपयोगी पडतो, आणि दुसऱ्या कुणी तेच नाव आधी घेतलं असेल तर ते हजार लेबलं छापण्याआधी कळतं.

त्यानंतर ओळखीच्या वर्तुळात व्हॉट्सॲपवरून विक्री आणि अनोळखी गिऱ्हाइकांसाठी एकच मार्केटप्लेस. तिथे सुटं पाकीट न ठेवता दोन-तीन पाकिटांचे संच ठेवायचे आणि खोक्याची मापं वजनाच्या टप्प्यात बसवायची. सुरुवात राज्यापुरती. मार्केटप्लेसने जीएसटीचा आग्रह धरला, किंवा गोवा, बेळगाव, हैदराबाद, इंदूर इथून खरोखर मागणी येऊ लागली, तर नोंदणी घ्यायची.

याला अपवाद आहे. ज्या बेकरचं इन्स्टाग्रामवर आधीच नाव आहे, किंवा जिच्या खाऊला ठरावीक गरज असलेली माणसं शोधत येतात, उदाहरणार्थ गव्हाचं ग्लुटेन न चालणारी किंवा अंडं न खाणारी, तिने वेबसाइटपासून सुरुवात केली तरी चालेल. अशा बेकरला गिऱ्हाईक आणायचा खर्च कमी येतो आणि गिऱ्हाईक परत येण्याची शक्यता जास्त असते. वेबसाइटचं गणित जुळण्यासाठी याच दोन गोष्टी लागतात. पण "ग्लुटेन नाही" असं लिहायचं असेल तर ज्या ओट्यावर गव्हाचं पीठ मळलं जातं तिथे तो माल बनवता येणार नाही, आणि दावा तपासून घेतल्याशिवाय छापताही येणार नाही. सीलिएक रोग्याच्या प्रकृतीचा तो प्रश्न आहे.

बाकी बहुतेकींसाठी स्वतःची वेबसाइट ही पहिल्या वर्षातली दुसरी पायरी ठरते. महिन्याला साठ-सत्तर ऑर्डर नियमित येऊ लागल्या, वहीत निम्म्याहून जास्त ओळींपुढे "पुन्हा" दिसू लागलं आणि व्हॉट्सॲपवर पत्ते आणि पैसे जुळवण्यातच संध्याकाळ जाऊ लागली, की वेबसाइट काढायची. तोवर त्या महिन्याचे पंधराशे रुपये चांगल्या पाकिटांवर आणि प्रयोगशाळेच्या तपासणीवर खर्च करावेत.